रिव्ह्यूअर गप्प, पीआर अडकलेला: मॅनेजरला लिहायचं तरी कसं?

"पेमेंट रीट्रायचा माझा एक पीआर ११ दिवस अडकून पडलाय. रिव्ह्यूअर दुसऱ्या टीममधले सीनियर आहेत. त्यांनी सुरुवातीला `Changes requested` करून चार कमेंट दिल्या, मी दुसऱ्याच दिवशी त्या दुरुस्त केल्या, तेव्हापासून काही हालचाल नाही. स्लॅकवर तीनदा विचारलं, दोनदा 'बघतो' म्हणाले. त्यांच्याच टीममधल्या एकाने अप्रूव्ह केलं तरी मर्जचं बटण बंदच. आज मंगळवार. पुढच्या गुरुवारी रिलीज आणि त्याआधी मंगळवारी संध्याकाळी कोड फ्रीज. आता माझ्या ईएमना लिहायचं म्हणतोय, पण चुगली केल्यासारखं वाटेल आणि त्या सीनियरशी कायमचं बिनसेल अशी धास्ती आहे. मेसेज कसा लिहू?"

लिहायला घेण्याआधी पीआरचं पान उघडा आणि उजवीकडची `Reviewers` ही यादी बघा. त्या सीनियरच्या नावापुढे अजून लाल खूण आहे, की रिव्ह्यूची वाट पाहत असल्याचा पिवळसर ठिपका आहे? लाल खूण असेल, तर ११ दिवसांच्या हिशेबातले बरेचसे दिवस त्यांच्या नावावर टाकता येणार नाहीत.

कारण असं. गिटहबवर एखाद्याने रिव्ह्यू सबमिट केला, की 'माझ्याकडे रिव्ह्यू मागितलेले पीआर' या त्याच्या यादीतून तुमचा पीआर निघून जातो. तुम्ही नवे कमिट पुश केलेत, प्रत्येक कमेंटखाली 'दुरुस्त केलं' लिहिलंत, थ्रेड रिझॉल्व्ह केलेत, तरी तो आपोआप यादीत परत येत नाही. त्यासाठी नावाशेजारचं गोल बाणाचं चिन्ह, म्हणजे `Re-request review`, दाबावं लागतं. सीनियर मंडळी बहुधा सकाळी `review-requested:@me` हा फिल्टर लावून त्यात दिसेल तेवढंच काम उचलतात. नोटिफिकेशनचे ईमेल त्यांनी केव्हाच एका फोल्डरमध्ये ढकललेले असतात आणि तो फोल्डर उघडायची वेळ सहसा येत नाही. म्हणजे तुमच्या मते चेंडू त्यांच्याकडे आणि त्यांच्या मते तुमच्याकडे. त्यांचं 'बघतो' अगदी मनापासून असेल, पण बघायला बसल्यावर यादीत तुमचा पीआर दिसतच नसेल.

टर्मिनलवरून बघायचं असेल तर:

```
gh pr view 1482 --json reviewDecision,reviewRequests,latestReviews
```

`reviewRequests` रिकामं आलं, तर गिटहबच्या हिशेबाने आत्ता तुम्ही कुणाकडेच काही मागितलेलं नाही. असं असेल तर आधी बाण दाबा. ईएमना '११ दिवस उत्तर नाही' असं लिहून बसलात आणि त्यांनी पीआर उघडून हेच पाहिलं, तर तुमचं बाकीचं म्हणणं कितीही खरं असलं तरी ऐकून घेतलं जाणार नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि मेसेजचा सगळा डोलारा हिच्यावर उभा राहतो. मर्ज नेमकं कशामुळे अडलंय? 'रिव्ह्यूअर उत्तर देत नाही' ही तुमची अडचण झाली. मर्जचं बटण मात्र कुठल्यातरी नियमामुळे बंद आहे आणि प्रत्येक नियमाची किल्ली वेगळ्या माणसाकडे असते.

तुमच्या बाबतीत दोन कुलुपं दिसतायत. पहिलं `Changes requested`. ज्याने ते दिलं, त्याने अप्रूव्ह केलं की ते निघतं. तो उपलब्धच नसेल, तर दुसऱ्या कुणाला तो रिव्ह्यू कारण लिहून डिसमिस करता येतो. साधारणपणे राईट ॲक्सेस असलेला कुणीही हे करू शकतो, पण संरक्षित ब्रांचवर डिसमिस करण्याचा अधिकार ठरावीक लोकांपुरता ठेवलेला असेल, तर ते लोक किंवा रेपोचा ॲडमिनच. दुसरं कुलूप कोड ओनरच्या मंजुरीचं. सहकाऱ्याच्या मंजुरीनंतरही बटण बंद राहायला पहिलं कुलूप एकटंही पुरतं, पण पेमेंटचा कोड आहे, म्हणून मला याचाही संशय येतोय. रेपोमधली `CODEOWNERS` फाइल उघडा. बहुतेक असं काहीतरी सापडेल:

```
/billing/          @org/payments-core
/billing/retry/    @senior-dev
```

वरची ओळ पाहून वाटतं की बिलिंगचा सगळा कोड पेमेंट टीमचा, म्हणजे टीममधल्या कुणाचीही मंजुरी चालेल. पण या फाइलमध्ये जुळणाऱ्या ओळींपैकी सर्वांत शेवटची ओळ लागू होते. रीट्रायच्या फोल्डरला खालची ओळ जुळते, म्हणून तिथे ओनर एकटे ते सीनियर. सहकाऱ्याने कितीदा अप्रूव्ह केलं तरी बटण उघडणार नाही. अशा ओळी कुणी कट करून लिहीत नाही. कधीकाळी त्यांनी तो भाग एकट्याने लिहिलेला असतो, तेव्हा ओळ पडते आणि मग तशीच राहते.

इथे एक बारकावा आहे आणि बरेच जण नेमके त्यावर अडखळतात. रिव्ह्यू डिसमिस झाला म्हणजे मंजुरी मिळाली असं नाही. पहिलं कुलूप निघालं तरी दुसरं जागेवरच असतं. ईएमनी मध्ये पडून ॲडमिनकडून डिसमिस करून घेतलं, तुम्ही आनंदाने पान रिफ्रेश केलं आणि बटण तरीही राखाडी, असं झालं तर पुन्हा त्यांच्याकडे जावं लागेल. एकाच पीआरसाठी दोनदा मागायला जाणं बरं दिसत नाही. म्हणून दोन्ही कुलुपं आधीच ओळखून ठेवा.

तुमच्या ईएमकडे यातली एकही किल्ली असण्याची शक्यता कमी आहे. त्यांच्या हातात दुसऱ्याच गोष्टी आहेत: त्या टीमच्या मॅनेजरशी बोलणं, सीनियरच्या कामांचा क्रम बदलून घेणं, दुसरा रिव्ह्यूअर मागणं, नाहीतर हा बदल या रिलीजमधून काढायचा असं ठरवणं. तुम्ही मागायचंय ते यातलं. 'कृपया लक्ष घालावे' हे मागणं होत नाही. त्यावर ईएम सीनियरना 'जरा बघ ना' असा एक मेसेज टाकतील, त्यांना तिसरं 'बघतो' मिळेल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

आधी सीनियरना शेवटचा मेसेज

ईएमना लिहिण्याआधी सीनियरना एक मेसेज जायलाच हवा. तुम्ही आतापर्यंत विचारलेले तीन मेसेज 'सर, पीआर बघितला का?' या धर्तीचे असणार. अशा प्रश्नाला 'बघतो' हे संपूर्ण उत्तर असतं. त्यात किती काम आहे, कधीपर्यंत हवंय आणि नाही झालं तर काय होईल, यातलं काहीच नसतं.

आणखी एक शंका मनात ठेवा. गप्प बसणं हे दर वेळी कामाच्या रेट्यामुळे नसतं. पेमेंटचा कोड आहे, म्हणजे चार कमेंटपैकी एखादी तरी 'टाइमआउटनंतर रीट्राय झाला तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जाणार नाहीत ना?' या जातीची असणार. बाकी तीन नावं बदला, लॉग काढा अशा. तुम्ही चारही ठिकाणी 'दुरुस्त केलं' लिहिलं असेल, तर त्या एका कमेंटपाशी त्यांचं घोडं अडलेलं असू शकतं. खरंच सुटलं की नाही हे ठरवायला त्यांना सगळा प्रवाह पुन्हा डोक्यात भरावा लागेल, त्याला निवांत तासभर हवा, तो तास आज मिळत नाही, म्हणून उद्यावर. असं करत ११ दिवस सहज जातात. पैशांच्या कोडवर सही करायला कचरणारा रिव्ह्यूअर वाईट नव्हे, उलट असाच हवा. त्याचं काम हलकं करणं तेवढं तुमच्या हातात आहे.

म्हणून त्या कमेंटखाली आज नीट उत्तर लिहा. कोणत्या कमिटमध्ये काय बदललं, प्रत्येक प्रयत्नाला तीच आयडेम्पोटन्सी की जाते हे कुठल्या ओळीवर दिसतं आणि कोणती टेस्ट ते तपासते. 'पहिली रिक्वेस्ट टाइमआउट, दुसरी यशस्वी, चार्ज एकच' अशी टेस्ट नसेल तर आजच लिहा. मात्र एक खबरदारी घ्या: नवा कमिट पुश केल्यावर आधीच्या मंजुऱ्या रद्द व्हाव्यात अशी सेटिंग काही रेपोंमध्ये असते. तशी असेल, तर काय पुश करायचं ते आत्ताच करून टाका, मंजुरी आल्यानंतर नको. मग बाण दाबा आणि सीनियरना थेट मेसेज करा:

> नमस्कार सर, पीआर १४८२ परत रिव्ह्यूला टाकलाय. तुमच्या रिव्ह्यूनंतरचा बदल साधारण ६० ओळींचा आहे, आणि खरं बघायचं ते दोनदा चार्ज होण्याच्या मुद्द्यावरचं उत्तर. तिथे टेस्टची लिंक दिलीय. हे पुढच्या मंगळवारच्या फ्रीजआधी जायचं असेल तर रिव्ह्यू गुरुवारी दुपारपर्यंत व्हायला हवा. या आठवड्यात तुम्हाला जमण्यासारखं नसेल तर तसं सांगा, काहीच हरकत नाही. मग दुसऱ्या कुणाकडून करून घेता येईल का ते मी उद्या दुपारी आमच्या ईएमना विचारेन. पाच-दहा मिनिटं कॉलवर दाखवलेलं चालणार असेल तर आज कधीही.

यातलं 'उद्या दुपारी ईएमना विचारेन' हे वाक्य गाळू नका. ते धमकीसारखं वाटेल म्हणून लोक गाळतात, पण चुगली ठरते ती पाठीमागून केलेली गोष्ट. इथे तुम्ही तोंडावर आणि आधी सांगताय, शिवाय 'मला जमणार नाही' असं म्हणायची मोकळीकही देताय. सीनियर माणसाला स्वतःहून 'जमत नाही' म्हणणं अवघड जातं. तुम्ही दार उघडून दिलंत तर निम्म्या वेळा ते त्यातून सुखाने बाहेर पडतात, आणि मग ईएमना लिहायचा मेसेज दोन ओळींचा होतो.

तारीख मागून मोजत या

वरच्या मेसेजातला 'गुरुवारी दुपारी' कुठून आला, ते तुमच्या कॅलेंडरवर बघू. फ्रीज पुढच्या मंगळवारी संध्याकाळी. पेमेंटचा बदल आहे, तेव्हा क्यूएला निदान एक पूर्ण दिवस लागेल असं धरतो. तो सोमवार. मंगळवार हाताशी, काही निघालंच तर. म्हणजे मर्ज या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. पण रिव्ह्यू झाला की लगेच मर्ज असं धरून चालणार नाही. ११ दिवसांनी कोड बघणाऱ्याला एखादी नवी शंका येणारच, आणि ती निस्तरायला तुम्हाला एक दिवस हवा. म्हणून रिव्ह्यू गुरुवारी दुपारपर्यंत. रिव्ह्यूअर बदलायचा झाला, तर नव्या माणसाला सगळा पीआर पहिल्यापासून वाचावा लागेल, त्याच्यासाठी अख्खा दिवस धरा. म्हणून ईएमचा निर्णय उद्या, बुधवारी, दिवसाअखेर व्हायला हवा. ईएमना रिलीजची तारीख माहीत असते. निर्णय उद्यापर्यंत लागतोय हे माहीत नसतं. पुढच्या गुरुवारचं नाव घेतलंत तर त्यांना वाटेल, अजून नऊ दिवस आहेत.

ईएमना मेसेज

वैतागलेल्या मनाने लिहिलेला पहिला खर्डा सहसा असा उतरतो:

> मॅडम, माझा पीआर ११ दिवसांपासून पेंडिंग आहे. मी वारंवार फॉलोअप करूनही सर प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे माझं काम अडलं आहे आणि रिलीजवर परिणाम होऊ शकतो. कृपया लक्ष घालावे.

यात खोटं काही नाही. तरी वाचणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी लागतात: एक माणूस वाईट वागतोय आणि दुसरा त्रासलाय. पीआर कुठला, अडलंय कशाने, मागणं काय, कधीपर्यंत, यासाठी ईएमना तुम्हाला पाच प्रश्न विचारावे लागतील. दोन मीटिंगच्या मधल्या वेळेत फोनवर वाचलेला असा मेसेज 'नंतर बघू' मध्ये जातो. 'वारंवार' हा शब्द तर काढूनच टाका. तो फक्त तक्रारीत येतो.

सीनियरचं उत्तर उद्या दुपारपर्यंत आलं नाही, तर मी असं लिहीन:

> नमस्कार मॅडम. पीआर १४८२ (पेमेंट रीट्राय) या रिलीजमध्ये ठेवायचा की नाही, यावर आज दिवसाअखेर तुमचा निर्णय हवा आहे.
>
> सद्यस्थिती: कोड आणि टेस्ट पूर्ण, सीआय हिरवा. पेमेंट टीमच्या सीनियरनी १२ दिवसांपूर्वी चार बदल सुचवले, ते दुसऱ्या दिवशी केले. काल पुन्हा रिव्ह्यू मागितला आणि सविस्तर उत्तर लिहिलं. आज तुम्हाला विचारणार असल्याचं त्यांना कालच कळवलंय.
>
> अडलंय कशाने: `billing/retry` फोल्डरचे ते एकटेच कोड ओनर आहेत, त्यामुळे त्यांच्या टीममधल्या दुसऱ्या कुणाची मंजुरी धरली जात नाही. शिवाय त्यांचा आधीचा `Changes requested` अजून लागू आहे.
>
> पर्याय:
> १. त्यांच्या मॅनेजरशी बोलून उद्या दुपारपर्यंत त्यांचा अर्धा-पाऊण तास मिळवणं. मला हा सर्वांत बरा वाटतो, कारण दोनदा चार्ज होण्याचा धोका त्यांना सगळ्यात चांगला कळतो.
> २. पेमेंट टीममधून दुसरा रिव्ह्यूअर. यासाठी त्या टीमच्या संमतीने कोड ओनरच्या ओळीत भर घालावी लागेल आणि आधीचा रिव्ह्यू डिसमिस करावा लागेल. उद्याचा पूर्ण दिवस जाईल.
> ३. हा बदल पुढच्या रिलीजमध्ये टाकणं. रीट्राय फीचर फ्लॅगमागे आहे, त्यामुळे बाकी काही अडत नाही. फक्त प्रॉडक्टला आज कळवावं लागेल, ते मी करू शकतो.
>
> शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मर्ज झाला नाही तर क्यूएला सोमवार मिळणार नाही, म्हणून आजची मुदत.

मेसेज थोडा लांब आहे, पण पहिल्या वाक्यातच काय हवंय आणि कधी हवंय ते आलंय. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं.

सीनियरबद्दल यात एकही विशेषण नाही. 'प्रतिसाद देत नाहीत' असंसुद्धा नाही. काय घडलं ते तारखांच्या क्रमाने आहे, निष्कर्ष वाचणाऱ्याने काढायचा. लिहून झाल्यावर मी एक चाचणी लावतो: हा मेसेज ईएमनी जसाच्या तसा त्या सीनियरना फॉरवर्ड केला, तर मला कसंनुसं होईल का? होत असेल तर तेवढं वाक्य काढतो. असे मेसेज फॉरवर्ड होतातच. दुसऱ्या मॅनेजरशी बोलताना ईएम तुमचेच शब्द पुढे करणार, त्यांना नवे शब्द जुळवायला वेळ कुठे असतो?

तुमच्या 'कायमचं बिनसेल' या धास्तीवर मला एवढंच सुचतं, आणि या मेसेजात मला सर्वांत मोलाचं तेच वाटतं: अडथळा म्हणून माणसाकडे नव्हे, `CODEOWNERS` मधल्या एका ओळीकडे बोट दाखवलंय. हा शिष्टाचारापुरता मुलामा नाही, वस्तुस्थितीच ती आहे. ते सीनियर उद्या आजारी पडले तर त्या फोल्डरमधला प्रत्येक पीआर असाच अडकेल. सीनियरनाही हे पटायला जड जात नाही, कारण एकट्यावर पडलेल्या रिव्ह्यूंच्या ढिगाचा सर्वांत जास्त जाच त्यांनाच असतो.

पर्यायांत तिसरा, म्हणजे आपलंच काम पुढे ढकलण्याचा, घालायला लोक कचरतात. पण तो असला की ईएमना कळतं की तुम्ही हट्टाला पेटलेले नाही, आणि पहिल्या दोन पर्यायांची किंमत त्यांना तोलून बघता येते. अर्थात तो खरा असेल तरच लिहा. फ्लॅग नसेल, किंवा दुसऱ्या कुणाचं काम तुमच्या पीआरवर टेकलेलं असेल, तर ते लिहा.

मेसेज खासगीत पाठवा, टीमच्या चॅनेलवर नको. फक्त तुमच्या ईएमना. सीनियरच्या मॅनेजरना सीसी करायचा मोह होईल, तो आवरा. दोन मॅनेजरमधलं बोलणं हे तुमच्या ईएमचं काम आहे. आणि पीआरच्या कमेंटमध्ये ईएमना टॅग तर मुळीच करू नका. तिथे लिहिलेलं त्या रेपोचं पान असेपर्यंत राहतं.

एक मोह आणखी वाटेल. गिटहबवर `reviewed-by:` लावून शोधलं की या ११ दिवसांत त्यांनी कुणाकुणाचे पीआर पाहिले ते दिसतं. स्वतःच्या समजुतीसाठी जरूर बघा. बाकीचे भराभर पाहून फक्त तुमचा ठेवला असेल, तर वेळेपेक्षा तुमच्या डिझाइनचीच अडचण असण्याचा संभव जास्त. मग मेसेजऐवजी कॉल मागा आणि सरळ विचारा, 'ही पद्धतच तुम्हाला पटत नाहीये का?' पण 'त्यांनी या काळात इतरांचे इतके रिव्ह्यू केले' हे ईएमना लिहू नका. माहिती खरी असली तरी तुम्ही त्यांच्यावर पाळत ठेवलीत एवढंच लक्षात राहतं.

रिव्ह्यूला उत्तर किती वेळात यावं, याचा उघड मापदंडही आहे. गूगलच्या जाहीर केलेल्या कोड रिव्ह्यू मार्गदर्शनात पहिल्या उत्तरासाठी जास्तीत जास्त एक कामाचा दिवस सांगितलाय. सगळा रिव्ह्यू जमत नसेल तर निदान 'कधी बघेन' एवढं तरी कळवावं, अशी अपेक्षा त्यात आहे. आपला तगादा अवाजवी नाही ना, हे ताडून बघायला तो उपयोगी पडतो. मेसेजात मात्र त्याचा हवाला नको. तुमच्या कंपनीने तो नियम स्वीकारलेला नसेल, तर दुसऱ्यांचा कायदा सीनियरवर कशाला लादायचा?

मेसेज गेल्यानंतर

बरेचदा गंमत अशी होते की ईएमना मेसेज जातो आणि तासाभरात सीनियरचा रिव्ह्यू येतो. तसं झालं तर ईएमना त्याच थ्रेडमध्ये लगेच कळवा: 'रिव्ह्यू आला, दोन छोटे बदल आहेत, उद्या मर्ज होईल, आता निर्णयाची गरज नाही.' यात उशीर केलात आणि ईएम तोवर त्या मॅनेजरशी बोलून बसल्या, तर काम करून दिलेल्या माणसाला वर बोलणी बसतील. बिनसायचं असेल तर ते यामुळे बिनसतं.

ईएमकडून 'अजून दोन दिवस वाट बघू' असं आलं, तर रागावू नका, पण ते तिथेच सोडूही नका. 'ठीक आहे. म्हणजे हा बदल या रिलीजमधून निघाला असं धरतो आणि प्रॉडक्टला तसं कळवतो, चालेल?' असं विचारा. वाट बघणं हासुद्धा निर्णयच आहे, फक्त त्याचा परिणाम समोर मांडला नाही तर तो निर्णय वाटत नाही. हे वाचून ईएम बहुधा फोन उचलतात. नाहीच उचलला, तर रिलीजच्या दिवशी 'हे का गेलं नाही' याचं उत्तर लेखी असतं.

दुसरा पर्याय निवडला गेला तर ओनरची ओळ अशी होईल:

```
/billing/retry/    @senior-dev @org/payments-core
```

एकाच ओळीत अनेक ओनर असले, की त्यांपैकी कुणाही एकाची मंजुरी पुरते. पण हा बदल तुमच्याच पीआरमध्ये घालून चालणार नाही. गिटहब ही फाइल ज्या ब्रांचमध्ये मर्ज करायचंय तिथली वाचतं, म्हणून तो वेगळा पीआर, आणि तो पेमेंट टीमनेच टाकलेला बरा. त्या टीमला रेपोवर राईट ॲक्सेस आहे हेही बघा, नाहीतर ओळ लिहूनही उपयोग नाही. तो मर्ज झाल्यावर तुमची ब्रांच अपडेट करा आणि पीआरवर नवे ओनर दिसतात का ते पाहूनच पुढे सरका. रिव्ह्यू डिसमिस करताना कारण लिहावं लागतं. तिथे 'चारही मुद्दे दुरुस्त केले, रिव्ह्यूअर या आठवड्यात उपलब्ध नाहीत, त्यांच्या टीमच्या संमतीने' असं स्पष्ट लिहायला सांगा.

यात दोन पळवाटा आहेत आणि कुणीतरी त्या तुम्हाला सुचवेलच. एक, हा पीआर बंद करून त्याच ब्रांचवरून नवा उघडायचा. `Changes requested` खरंच मागे पडतो. कोड ओनरचं कुलूप मात्र तसंच राहतं, शिवाय तुम्ही त्यांच्या आक्षेपांना बगल दिलीत असं दिसतं आणि ते खरंही असतं. दुसरी, ॲडमिनकडून नियम डावलून मर्ज करून घ्यायचा. प्रॉडक्शन कोसळलंय किंवा सुरक्षेचं छिद्र आत्ता बुजवायचंय, तर ऑन-कॉलला फोन करून ते करावंच, तिथे हा सगळा मेसेजांचा खटाटोप करत बसू नये. पण रिलीजची तारीख गाठायला, तेही पैसे कापणाऱ्या कोडसाठी, मी ते कधी मागणार नाही. ज्या एका कमेंटवर गाडी अडलीय, तिचं उत्तर कुणा जाणत्या माणसाने वाचलेलं नसताना तो कोड गिऱ्हाइकांपर्यंत गेला, तर पहिली चौकशी मर्ज कुणाच्या सांगण्यावरून झाला याचीच होईल.

दुसऱ्या रिव्ह्यूअरकडून मंजुरी मिळून मर्ज झाला, तर त्याच दिवशी सीनियरना दोन ओळी टाका: कुणी रिव्ह्यू केला, दोनदा चार्जचा मुद्दा कसा मिटवला, आणि फ्लॅग अजून बंद आहे. त्यांची शंका शिल्लक असेल, तर फ्लॅग चालू होण्याआधी ती मांडायला त्यांना तेवढा वेळ मिळतो.